‘टी ऑर कॉफी?’ला आलेलं ‘येस’: एका संवादावर बाण मांडताना

मालवण तालुक्यात घरगुती निवास चालवणाऱ्या चौदा बायकांसाठी मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेत होते. स्वयंपाक, खोल्या, हिशेब यांत त्या मुरलेल्या होत्या. इंग्रजी समजायचंही बऱ्यापैकी, पण रोमन लिपी वाचताना वेग मंदावायचा, आणि सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात गेलं की आवाजाकडे काही उरत नसे. म्हणून उच्चारांच्या सरावाचे कागद मी देवनागरीत काढले. पहिल्या कागदावर सकाळच्या चहाचा आठ ओळींचा संवाद होता. जोर कुठे द्यायचा आणि सूर कुठे चढवायचा-उतरवायचा, याच्या खुणा मी त्यावर केल्या होत्या. त्या खुणा चुकल्या. कशा चुकल्या आणि दुसऱ्या कागदावर काय बदललं, ते इथे लिहिते आहे.

चूक उघड झाली ती वर्गाबाहेर. एका ताईंनी पाहुण्याला कागदावरचंच वाक्य विचारलं, ‘वुड यू लाइक टी ऑर कॉफी?’ पाहुणा हसून म्हणाला, ‘येस, प्लीज.’ आणि वाट पाहत बसला. ताई ट्रे घेऊन तशाच उभ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “मॅडम, मी चहा की कॉफी विचारलं, तर हो कसलं म्हणतात?”

मी त्यांना ते वाक्य तसंच म्हणून दाखवायला सांगितलं. त्यांनी अगदी कागदाबरहुकूम म्हटलं: शेवटी ‘कॉफी’वर सूर वर. पाहुण्याने ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं. इंग्रजीत हा प्रश्न दोन सुरांत विचारता येतो. ‘टी’वर सूर चढवून ‘कॉफी’वर उतरवला, तर यादी तिथे संपते: दोनच गोष्टी आहेत, एक निवडा. ‘कॉफी’वरही सूर चढवला, तर यादी उघडी राहते आणि प्रश्न ‘काही घेणार का?’ असा होतो. त्याला ‘हो’ हे रास्त उत्तर आहे. कागदावर चढता बाण मीच काढला होता, कारण ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

पहिला कागद करताना माझं गणित एवढंच होतं. प्रश्नचिन्ह दिसलं की वरचा बाण, पूर्णविराम दिसला की खालचा, आणि अर्थ असलेल्या प्रत्येक शब्दावर जोराचं टिंब. नाम, क्रियापद, विशेषण यांवर टिंब. ‘यू’, ‘डू’, ‘अॅट’ असे शब्द मोकळे. इंग्रजी उच्चाराच्या छापील सरावकागदांवर हीच पद्धत सर्रास दिसते, म्हणून मी ती जशीच्या तशी देवनागरीवर ठेवली.

देवनागरीत डोक्यावरचं टिंब म्हणजे अनुस्वार, हे मला छापून झाल्यावर उमगलं. माझी ओळ अशी दिसत होती: ‘वुड यू लांइक टीं ऑर कॉंफी?’ कॉफीच्या चंद्राकृतीवर टिंब पडल्याने तिथे चंद्रबिंदूच तयार झाला, आणि वर्गात निम्म्या जणींनी ‘काँफी’ वाचलं. एकीने विचारलं, “ह्यां टिंब कसलां?” टिंब मोठं केलं, किंचित वर सरकवलं, तरी डोळा ते अनुस्वार म्हणूनच वाचे. रोमन लिपीत जोराचा भाग मोठ्या अक्षरांत छापायची सोय असते, ती आपल्याकडे नाही. तिरपी रेघ डोक्यावर दिली तर मात्रा वाटते. मग मी अधोरेखा करून पाहिली. ती ‘शुगर’मधल्या उकाराला चिकटली, शिवाय एका ताईंनी वेगळीच अडचण पुढे केली. त्यांच्या घरी वेदपठण चालतं. त्या म्हणाल्या, “मॅडम, अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे स्वर खाली न्यायचा ना?” वेदाच्या पोथीत अनुदात्ताची खूण तीच असते, आणि उदात्ताला खूणच नसते. म्हणजे मी जिथे आवाज उठवायला सांगत होते, तिथे त्यांच्या डोळ्यांना तो खाली ने असं दिसत होतं. जाड ठशाचा पर्याय उरला. तो संगणकाच्या पडद्यावर छान दिसला, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर जाड आणि साधं अक्षर एकसारखंच काळं झालं.

खुणेच्या आकारापेक्षा मोठी चूक खुणांच्या संख्येत होती. एका ओळीत तीन-चार टिंबं असली की बायका तीन-चार ठिकाणी सारख्याच ताकदीने आवाज ठोकत. बोलणं कवायतीसारखं वाटे, आणि ऐकणाऱ्याला यातलं महत्त्वाचं काय ते कळत नसे. इंग्रजीत एका दमात म्हटलेल्या तुकड्यात जोर अनेक शब्दांवर असतो खरा, पण त्यांतल्या एकाच अवयवावर, म्हणजे शब्दाच्या एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या भागावर, सूर वळतो. भाषाशास्त्रात त्याला तुकड्याचा गाभा म्हणतात. वर्गात आम्ही त्याला ‘वळण’ म्हणू लागलो. ऐकणारा कान देतो तो त्या वळणाला.

तिसरी चूक बाणाच्या जागेची. बाण ओळीच्या शेवटी असल्यामुळे बायका सगळं वाक्य सपाट म्हणत आणि शेवटच्या अक्षराला हिसका देत. पण सूर वळणापासून चढायला किंवा उतरायला लागतो आणि पुढे तुकडा संपेपर्यंत त्याच दिशेने जात राहतो. ‘यू डोन्ट ड्रिंक टी?’ ही ओळ घ्या. पाहुण्याने आत्ताच चहा नको म्हटलं आहे, म्हणून घरमालकीण खात्री करून घेते. वळण ‘ड्रिंक’वर आहे. सूर तिथून चढायला लागतो आणि ‘टी’ त्याच चढणीवर पुढे वाहत जातं, त्याला वेगळा जोर नाही. बाण शेवटी दिला की जोर ‘टी’वर जातो आणि वाक्याचा रोख ‘चहा पीत नाही, मग दुसरं काय पिता?’ असा होतो.

म्हणून दुसऱ्या कागदावर मी बाकी सगळ्या खुणा काढून टाकल्या आणि एकच ठेवली: बाण, वळणाच्या अवयवाच्या लगेच आधी. त्या एका खुणेत जागाही कळते आणि दिशाही. ↗ आणि ↘ ही चिन्हं शिरोरेषेला किंवा मात्रांना चिकटत नाहीत, झेरॉक्समध्ये टिकतात, आणि वर्डमध्ये 2197 किंवा 2198 टाइप करून Alt+X दाबलं की उमटतात. एका ओळीत दोन तुकडे असले तर मध्ये उभी रेघ. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतही तुकड्यांच्या सीमेला उभी रेघच वापरतात, आणि आपल्याकडे अभंगात नि आरतीत दंड पाहिला की जीभ आपोआप थांबते. ही खूण कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

एक अडचण राहिली. ‘विदाउट’सारख्या शब्दात वळण दुसऱ्या अवयवावर असतं, तेव्हा बाण शब्दाच्या पोटात येतो: ‘वि↘दाउट’. बायका तिथे चक्क थांबून शब्दाचे दोन तुकडे करत. खुणेत काही करामत करण्यापेक्षा मी संवादच बदलला आणि वळणावर येणारे सगळे शब्द पहिल्या अवयवावर जोर असलेले निवडले. अशा शब्दांचा सराव आम्ही पुढे टेबलावर बोटाने ताल धरून केला. सुरुवातीच्या कागदावर त्यांची घाई नको.

माझ्याकडच्या प्रतीवर दुसरा कागद असा झाला:

घरमालकीण: वुड यू लाइक ↗टी | ऑर ↘कॉफी?
पाहुणा: ↘कॉफी, प्लीज. ↘ब्लॅक कॉफी.
घरमालकीण: ↗शुगर?
पाहुणा: जस्ट अ ↘लिटल.
घरमालकीण: व्हॉट टाइम डू यू वॉन्ट ↘ब्रेकफास्ट?
पाहुणा: अॅट ↘एट.
घरमालकीण: ↗एट?
पाहुणा: ↘नो, | ↘हाफ पास्ट एट.

बाण कुठे पडेल हे ठरवताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला मराठीचा. प्रत्येक ओळ आधी मराठीत लिहायची. भाषांतर म्हणून नाही. ती ओळ त्या क्षणी आपण घरात कशी बोलू, तशी. मराठीत जोर बरेचदा शब्दांत दिसतो: ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘की’, ‘का’ यांत आणि शब्दांच्या क्रमात. इंग्रजीला ते काम सुराकडून करून घ्यावं लागतं.

पहिली ओळ पाहा. आपण ‘चहा की कॉफी?’ म्हणतो तेव्हा ‘की’ने निवड ठरवून टाकलेली असते, तिला कुणी ‘हो’ म्हणत नाही. तेच ‘चहा किंवा कॉफी काही घेणार का?’ असं विचारलं, तर ‘हो’ चालतं. मराठीत हा फरक ‘की’ आणि ‘का’ करतात, म्हणून सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द एकच, ‘ऑर’, त्यामुळे फरकाचा सगळा भार शेवटच्या वळणावर. हे फळ्यावर दोन वाक्यं लिहून दाखवलं, तेव्हा ट्रे घेऊन उभ्या राहिलेल्या ताई म्हणाल्या, “म्हणजे मी ‘की’ म्हणायच्या जागी ‘का’ म्हटलं.” मला इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

‘ब्लॅक कॉफी’मध्ये बाण ‘ब्लॅक’च्या आधी, कारण कॉफी दोनदा येऊन गेली आहे आणि नवं आहे ते दूध नको हे. मराठीत आपण ‘कोरी’ म्हणून मोकळे होतो, पुन्हा कॉफी म्हणतही नाही. जो शब्द मराठीत गाळला तरी चालतो, त्यावर इंग्रजीत वळण सहसा नसतं. शेवटच्या ओळीत ‘हाफ’च्या आधी बाण आहे, कारण ‘एट’ तर ठरलेलंच होतं. ‘आठ नाही, साडेआठ’ म्हणताना आपणही ‘साडे’वरच जोर देतो. पहिल्या कागदावर ‘आय डोन्ट ड्रिंक टी’ अशी पाहुण्याची ओळ होती. तिथे मी टिंब ‘टी’वर दिलं होतं, कारण ते नाम आणि तेही शेवटचं. पण चहाचं आधी विचारूनच झालं होतं. मराठीत हा माणूस ‘मी चहा घेतच नाही’ म्हणेल. ‘च’ क्रियापदाला लागला, म्हणून वळण ‘ड्रिंक’वर.

ही युक्ती एका ठिकाणी मात्र दगा देते, आणि तिथे ती सोडून द्यावी लागते. ‘नाश्ता किती वाजता हवा?’ यात आपला आवाज ‘किती’वर उठतो. तोच जोर बायका इंग्रजीत घेऊन गेल्या आणि ‘व्हॉट टाइम’वर आवाज चढवू लागल्या. इंग्रजीत तसं केलं तर ‘कितीला म्हणालात?’ असं आधीचं उत्तर पुन्हा विचारल्यासारखं ऐकू येतं. पहिल्यांदाच विचारायच्या साध्या प्रश्नात वळण ‘ब्रेकफास्ट’वर असतं आणि सूर सहसा उतरतो. ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या ओळींना मराठीची कसोटी लावू नये, एवढा नियम मी कागदाच्या मागे स्वतःसाठी लिहून ठेवला. शिवाय नाश्त्याचा विषय आधीच निघालेला असेल, तर याच वाक्यातलं वळण ‘टाइम’वर सरकेल. म्हणून सुटं वाक्य घेऊन त्यावर बाण मारता येत नाही. आधीची ओळ काय होती, ते माहीत असावं लागतं.

‘शुगर?’ ही एका शब्दाची ओळ मी मुद्दाम घेतली. १९७०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी कँटीनमधला असाच पेच उलगडला होता. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढताना उद्धट वागतात, अशी तक्रार होती. त्या जेमतेम काही शब्द बोलत. मांस घेणाऱ्याला रस्सा हवा का हे विचारताना त्या ‘ग्रेव्ही’ एवढंच म्हणत, पण सूर उतरता. ब्रिटिश कानाला चढत्या सुरातली ‘ग्रेव्ही?’ म्हणजे ‘देऊ का?’, आणि उतरत्या सुरातली म्हणजे ‘ही ग्रेव्ही आहे’, घ्या नाहीतर सोडा अशा थाटाची. बायकांच्या भाषेत तो उतरता सूर विचारण्याचाच होता. दोन्ही बाजूंना ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर, आपण काय ऐकत होतो ते त्यांना कळलं. मालवणात हे सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. मग एक काकू म्हणाल्या, “आम्ही तर प्रेमानं वाढतो.” त्यांचं ‘शुगर’ही उतरतंच होतं.

कागद छापण्याआधी मी आणखी एक गोष्ट केली, जी पहिल्या वेळी केली नव्हती. इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या एका मैत्रिणीकडून संवाद बाणांशिवाय म्हणवून घेतला, मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि Praat या मोफत प्रणालीत सुराची रेघ पाहिली. कानाला ऐकू आलेलं आणि रेघेत दिसलेलं जुळलं तरच बाण पक्का. रेघेवर आंधळा विश्वास ठेवू नये. ‘कॉफी’तल्या ‘फ’ला कंठातला नाद नसतो, तिथे रेघ तुटते आणि सूर एकदम कोसळल्यासारखा वाटतो. वाक्याच्या शेवटी आवाज घोगरा झाला की प्रणाली कधी खरी उंची अर्धीच दाखवते. बाईच्या आवाजासाठी मोजण्याची मर्यादा साधारण १०० ते ५०० हर्ट्झ ठेवली की असे खोटे उतार बरेच कमी होतात. ‘ब्लॅक कॉफी’च्या ओळीत मी आधी बाण ‘कॉफी’च्या आधी ठेवला होता. मैत्रिणीच्या आवाजात उतार ‘ब्लॅक’वरच सुरू झालेला दिसला, मग पुन्हा ऐकलं, आणि बाण हलवला.

वर्गात कागद वापरण्याची रीतही बदलली. घरमालकिणीच्या ओळी बायकांना बोलायच्या होत्या, म्हणून त्यांवर बाण छापलेले. पाहुण्याच्या ओळी फक्त ऐकून समजायच्या, म्हणून त्या बाणांशिवाय छापल्या. ध्वनिमुद्रण तीनदा ऐकायचं आणि बाण पेन्सिलीने स्वतः काढायचे. ‘हाफ पास्ट एट’वर बहुतेक बाण ‘एट’ला पडले. मी बरोबर-चूक न सांगता विचारलं, “पाहुणा कशासाठी ‘नो’ म्हणाला?” लगेच खोडरबर फिरले.

सूर साधला की नाही हे म्हणणाऱ्याला स्वतःला कळत नाही, म्हणून परीक्षा ऐकणारीची ठेवली. दोघीजणी पाठीला पाठ लावून बसायच्या. एकीने ‘टी ऑर कॉफी?’ दोहोंपैकी एका सुरात म्हणायचं. दुसरीकडे दोन चिठ्ठ्या, एकीवर ‘की’, दुसरीवर ‘का’. जे ऐकू आलं ती चिठ्ठी वर करायची. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या अंदाजपंचे वर होत होत्या. चूक कुठे आहे ते पाहिलं तर बऱ्याच जणी ‘कॉफी’वर सूर उतरवायच्या, पण ‘टी’वर चढवायच्या नाहीत, त्यामुळे दोन्ही प्रकार सारखेच सपाट लागत. उभ्या रेघेपाशी हात वर नेऊन थांबायचं आणि मग खाली आणायचा, असं हातवाऱ्यासकट म्हटल्यावर फरक ऐकू येऊ लागला. तिसऱ्या बैठकीत बहुतेक जोड्यांच्या चिठ्ठ्या जुळल्या. ‘शुगर?’ त्याहून लवकर आलं. वेळ लागला तो ‘ब्रेकफास्ट’ला. ‘व्हॉट’वरचा जोर दोघी-तिघींचा शेवटपर्यंत गेला नाही.

सुराची दिशा मात्र मी फार ताणली नाही. जेनिफर जेनकिन्स यांनी २०००मध्ये, इंग्रजी मातृभाषा नसलेली माणसं आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यासाठी उच्चारातलं काय अटळ आहे, याची मांडणी केली. वळण कोणत्या शब्दावर आहे हे त्यांनी अटळ धरलं; सूर चढतो की उतरतो याला तेवढं वजन दिलं नाही. या बायकांकडे येणारे पाहुणे बंगळूरचे, कोलकात्याचे, कधी जर्मनीचे असतात, आणि त्या प्रत्येकाच्या इंग्रजीचा सूर वेगळा. ऑस्ट्रेलियातले आणि ब्रिटनमधलेही अनेक तरुण साध्या विधानाच्या शेवटी सूर चढवतात. म्हणून पुढच्या कागदांवर जागा बारकाईने दाखवायची, आणि दिशा फक्त जिथे ती चुकली तर उत्तरच बदलेल तिथे, असं मी ठरवलं. या संवादात अशा जागा तीन निघाल्या: ‘टी ऑर कॉफी’, ‘शुगर?’ आणि ‘एट?’ तिसऱ्या कागदावर बाण उरले ते फक्त या तीन ओळींवर. बाकी वळणांपुढे एक छोटी ठळक चौकट, ▪, तेवढीच. ती अक्षरांच्या मधल्या उंचीवर बसते, त्यामुळे अनुस्वार वाटत नाही.

ट्रेवाल्या ताईंनी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावला आहे. ‘टी’च्या वर त्यांनी स्वतः पेनने ‘की’ लिहिलंय.